तंबोऱ्याभोवतीची रिकामी जागा: Trim वापरावे की मोजून कापावे?

पार्श्वभूमी काढून टाकलेले चित्र पानावर ठेवले की मांडणीचे सॉफ्टवेअर वस्तूची कड पाहत नाही, फाइलची कड पाहते. त्यामुळे वस्तूभोवती उरलेली पारदर्शक जागा डोळ्यांना दिसत नसली तरी Align च्या प्रत्येक आज्ञेत ती मोजली जाते. ही जागा काढण्याचे दोन मार्ग मी बराच काळ आलटून पालटून वापरले आहेत. एक म्हणजे फोटोशॉपमधील Image > Trim, आणि दुसरा म्हणजे इमेजमॅजिक या टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या प्रोग्रामने वस्तूची चौकट आधी मोजून घेणे आणि मग तेवढेच कापणे. तिसरा मार्ग इनडिझाईनमध्ये फ्रेमच्या कडा हाताने आत ओढण्याचा आहे. एक-दोन चित्रांपुरता तो पुरेसा आहे आणि त्यात मूळ फाइलला हातही लागत नाही. परंतु प्रत्येक चित्राची कड नजरेने ठरवावी लागत असल्याने मोठ्या सूचिपत्रात त्याचा विचार करण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

माझ्यासमोर काम होते ते मिरजेच्या तंतुवाद्यांच्या सूचिपत्राचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून अशा छापील सूचिपत्रांची मागणी आमच्या सांगली भागात होऊ लागली आहे, असा निदान माझा अनुभव आहे. एका पानावर तीन तंबोरे शेजारी शेजारी उभे करायचे होते आणि तिन्हींचे भोपळे एकाच रेषेवर टेकायला हवे होते. उंचीतला खरा फरक वाचकाला दिसावा म्हणून तिन्ही चित्रे एकाच प्रमाणात, म्हणजे पन्नास टक्क्यांवर, ठेवायची होती. छायाचित्रकाराकडून आलेल्या पीएनजी फाइली 3000 बाय 4500 पिक्सेलच्या आणि 300 डीपीआयच्या होत्या.

Trim ची सोय नाकारण्यासारखी नाही. Transparent Pixels निवडून चारही बाजूंना खूण केली की क्षणात काम होते, आणि कापलेले चित्र लगेच समोर दिसते. पार्श्वभूमी पेन टूलने स्वच्छ कापलेली असेल, तर त्यापलीकडे काही शोधण्याची गरज नाही, असे मी आजही म्हणेन. माझी अडचण झाली ती मऊ कडेच्या खोडरबराने किंवा फेदर दिलेल्या मास्कने काढलेल्या पार्श्वभूमीची. अशा चित्रात वस्तूपासून बऱ्याच अंतरापर्यंत एक अतिशय पुसट धूसरता उरते. तिची अपारदर्शकता 255 पैकी दोन, तीन किंवा पाच एवढीच असल्यामुळे ती ना पडद्यावर दिसते, ना छपाईत उमटते. मात्र Trim च्या दृष्टीने पिक्सेल पूर्णपणे पारदर्शक असतो किंवा नसतो. मधली पायरी तेथे नाही आणि ती ठरवण्याचा पर्यायही त्या खिडकीत नाही. त्यामुळे ते वस्तूशी न थांबता त्या न दिसणाऱ्या धुक्याच्या कडेशी थांबते.

पहिल्या तंबोऱ्यावर Trim चालवल्यावर फाइल 1418 बाय 3978 पिक्सेलची झाली आणि वरकरणी सारे ठीक वाटले. पानावर मात्र त्याचा भोपळा रेषेच्या तीन मिलिमीटर वर तरंगत राहिला, कारण भोपळ्याखाली 71 पिक्सेलची धूसरता शिल्लक होती. उजवीकडे ती डावीकडच्यापेक्षा जास्त पसरलेली असल्यामुळे दांडीही स्तंभाच्या मध्यापासून मिलिमीटरभर डावीकडे सरकली. एकट्या चित्रात हा फरक कोणाच्या लक्षात आला नसता. तीन दांड्या शेजारी उभ्या राहिल्या की तो लपत नाही. शिवाय प्रत्येक फाइलमधील धूसरता वेगळी असल्यामुळे तिन्ही चित्रे सारख्याच अंतराने खाली ओढून भागत नव्हते. माझ्यापुरता निर्णय झाला तो याच त्रासाने.

ही धूसरता आहे की नाही हे फोटोशॉपमध्येच पाहायचे असेल, तर तोच लेयर Ctrl+J ने आठ-दहा वेळा एकावर एक ठेवावा. पुसट पिक्सेल साचत जाऊन दिसू लागतात. पार्श्वभूमी मास्कने झाकलेली असेल, तर मास्क निवडून Levels मधील काळा स्लायडर दहाच्या आसपास आणला की धूसरता नाहीशी होते आणि त्यानंतर Trim अचूक चालते. त्यामुळे ज्यांना मास्कसह पीएसडी मिळते, त्यांना फोटोशॉप सोडण्याचे कारण नाही. माझ्याकडे येतात त्या बहुतेक सपाट पीएनजी.

इमेजमॅजिकमध्ये अपारदर्शकता कुठपर्यंत शून्य धरायची हे आपण ठरवतो. खालील आज्ञा फक्त अल्फा वाहिनी बाजूला काढते, चार टक्क्यांपर्यंतचे, म्हणजे 255 पैकी साधारण दहापर्यंतचे, सारे काही रिकामे धरते आणि उरलेल्या आकाराची चौकट सांगते.

```
magick tambora.png -alpha extract -threshold 4% -format "%@" info:
```

त्याच तंबोऱ्यासाठी उत्तर आले `1182x3907+911+296`. पहिले दोन आकडे रुंदी आणि उंची, तर पुढचे दोन डाव्या आणि वरच्या कडेपासूनचे अंतर सांगतात. मग मूळ फाइल त्या चौकटीत कापायची.

```
magick tambora.png -crop 1182x3907+911+296 +repage tambora-kat.png
```

शेवटचे `+repage` गाळू नये. ते नसेल तर जुन्या कॅनव्हासवरील जागेची नोंद फाइलमध्ये राहते आणि काही सॉफ्टवेअर ती पाळतात. येथे मला विशेष आवडते ते असे की चार टक्क्यांची मर्यादा केवळ मोजमापाला लागू होते. चौकटीच्या आतील तारांच्या कडांचा मऊपणा जसाच्या तसा राहतो, कारण चित्रातील एकही पिक्सेल बदललेला नसतो.

मर्यादा किती ठेवावी, याचे एक उत्तर देता येणार नाही. मी शून्य, चार आणि आठ टक्क्यांवर चौकट मोजून पाहतो. तिन्ही उत्तरे एक-दोन पिक्सेलच्या आत असतील तर कड स्वच्छ आहे. शून्यावरून चारवर जाताना चौकट एकदम आक्रसली, तर ती धूसरतेची खूण समजावी. चारवरून आठवर जातानाही ती आक्रसतच राहिली, तर बहुधा खरोखरची मऊ कड किंवा सावली मध्ये आलेली असते. अशी सावली चित्रात ठेवून कापण्यापेक्षा ती काढून इनडिझाईनमध्ये Drop Shadow ने द्यावी, कारण त्या सावलीने फ्रेमचे माप बदलत नाही.

या मार्गाचे उणेपण असे की धुळीचा एखादा ठळक ठिपका कोपऱ्यात राहिला असेल, तर कोणतीही मर्यादा त्याला ओलांडू शकत नाही आणि तो हातानेच पुसावा लागतो. काळ्या खिडकीत आज्ञा टंकण्याचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांनाही हा मार्ग आग्रहाने सुचवणे मला योग्य वाटत नाही. मात्र पुढच्या सूचिपत्रासाठी फोल्डरभर वाद्ये आली, तेव्हा लिनक्सवर पुढील चार ओळींनी सर्व चित्रे कापून झाली. त्याआधी `kat` नावाचे फोल्डर तयार असावे लागते, आणि चित्रे पानावर ठेवण्यापूर्वीच हे करावे, कारण नंतर फाइलचे माप बदलले की फ्रेममधील चित्राची जागा पुन्हा तपासावी लागते.

```
for f in *.png; do
  b=$(magick "$f" -alpha extract -threshold 4% -format "%@" info:)
  magick "$f" -crop "$b" +repage "kat/$f"
done
```