ब्लूम फिल्टरला ७ हॅश की ४? मी ४ वर का आलो

ब्लूम फिल्टर म्हणजे काय हे माहीत असेल असं धरून चालतो. बिट अ‍ॅरे, प्रत्येक आयटमचे काही बिट १ करायचे, विचारताना सगळे १ दिसले की "बहुतेक आहे", एक जरी ० दिसला की "नक्की नाही". प्रश्न एवढाच की प्रत्येक आयटममागे किती हॅश चालवायचे. जागा समजा आयटममागे १० बिट ठरलीये, तर पुस्तकी उत्तर ७ येतं. खाली m म्हणजे एकूण बिट, n म्हणजे आयटम, k म्हणजे हॅश, आणि p म्हणजे न घातलेल्या आयटमला चुकून "आहे" म्हणायची शक्यता.

```
p = (1 - e^(-k*n/m))^k
k = 0.693 * m/n
```

मी पण आधी ७ च लावले होते. काम होतं निविदांचं, म्हणजे सरकारी साईटींवरून टेंडरच्या नव्या लिंका गोळा करणारा एक क्रॉलर, आणि एकदा बघितलेली लिंक परत उघडायची नाही म्हणून पुढे फिल्टर. १० लाख लिंका धरल्या, १ कोटी बिट, म्हणजे सव्वा एमबी, काहीच नाही. ७ हॅशला चूक शंभरात ०.८, ४ ला साधारण १.२. कागदावर ७ सरळ जिंकतात, वाद घालायला जागाच नाही.

आता माझ्याकडे फॉल्स पॉझिटिव्हचा अर्थ काय ते बघा. फिल्टर म्हणतो "ही लिंक बघितलीये", आणि क्रॉलर ती टाकून देतो. लॉगमध्ये एरर नाही, काही नाही, ते टेंडर आमच्या यादीत कधी येतच नाही. मला कळलं ते एका ग्राहकाचा फोन आला तेव्हा, की अमुक निविदा तुमच्याकडे का नाही, आणि ती साईटवर तर आठवडाभर पडून होती. मी आधी पार्सर तपासला, मग नेटवर्क, मग टाइमआउट, दोन दिवस गेले. फिल्टरवर संशयच आला नाही, कारण शंभरात एखादी जाणार हे मी स्वतःच मान्य करून बसलो होतो ना.

शेवटी सुचलं म्हणून १०,००० बनावट लिंका तयार केल्या, ज्या कधी घातल्याच नव्हत्या, आणि फिल्टरला विचारल्या. ८० च्या आसपास "आहे" यायला हवं होतं. आलं १,४०० च्या घरात. म्हणजे सातातली एक नवी लिंक गुपचूप कचऱ्यात.

कारण अगदी फालतू निघालं. एका साईटने लिंकेच्या शेवटी सेशन नंबर चिकटवायला सुरुवात केली होती, त्यामुळे तेच पान दर वेळी नवी लिंक बनून यायचं आणि फिल्टरमध्ये भरलं जायचं. १० लाखांचा फिल्टर २० लाखांवर गेला. आणि ब्लूम फिल्टर भरला म्हणून कधी कुरकुर करत नाही, घालाल तेवढं घेतो.

माझा निर्णय इथेच फिरला. ७ चा आकडा बरोबर आहे, पण तुमचा n बरोबर असेल तरच. २० लाख गुणिले ७ म्हणजे १ कोटी बिटांवर १ कोटी ४० लाख शिक्के, पाऊण अ‍ॅरे १ होऊन जाते, आणि मग सातही बिट योगायोगाने १ सापडायची शक्यता १४ टक्क्यांच्या जवळ जाते. त्याच ठिकाणी ४ हॅश असते तर शिक्के ८० लाख, अ‍ॅरे ५५ टक्के भरली असती आणि चूक ९ टक्के. तेही वाईटच, मान्य, पण तीनपट भरला तर फरक अजून उघडा पडतो, ७ ला ४० टक्के आणि ४ ला २४. अंदाजापेक्षा साधारण १.३ पट माल आत गेला की ४ पुढे निघतात आणि मग पुढेच राहतात. म्हणजे ७ घेऊन मी शंभरात ०.४ वाचवत होतो, आणि त्या बदल्यात अंदाज चुकला तर आपटायची सोय करून ठेवली होती. माझे अंदाज कसे असतात ते मला माहितीये.

स्पीडचं म्हणाल तर लोक ४ घेतात ते बहुतेक स्पीडसाठी. मला तरी फरक जाणवला नाही, सव्वा एमबी कॅशमध्येच बसतं, आणि नसलेल्या आयटमला तसाही पहिल्या दोनेक बिटांतच ० सापडून काम संपतं. मोठ्या फिल्टरला, जिथे प्रत्येक बिट म्हणजे मेमरीत लांब उडी, तिथे गोष्ट वेगळी असू शकते.

७ ला नावं ठेवतोय असं नाही हां. तुमची यादी ठरलेली असेल, फाइल एकदा लिहिली की बदलत नाही आणि आयटम मोजून माहीत आहेत, तर ७ च्या आसपासच राहा. डेटा डिस्कवर ठेवणारं लेव्हलडीबी असंच करतं, बिटांना ०.६९ ने गुणून खालचा पूर्णांक घेतं, म्हणजे १० बिटांना ६, आणि ६ व ७ मध्ये फरक फक्त ०.८४ आणि ०.८२ चा. शिवाय तिथे चूक झाली तर डिस्कवर एक फुकटची चक्कर, बास. बर्टन ब्लूमने १९७० च्या पेपरात जे उदाहरण घेतलं होतं, शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा त्याचं, तेही याच जातीचं: बहुतेक शब्द साध्या नियमांनी सुटतात, थोड्यांसाठीच डिस्कवरचा कोश बघायचा, फिल्टर चुकला तर कोश उगाच उघडला जातो आणि उत्तर तरीही बरोबरच येतं. माझ्याकडे मागे कोश नव्हता, फिल्टरचा शब्द शेवटचा होता.

अजून एक, हा आकडा नंतर बदलता येत नाही. ४ ने भरलेल्या फिल्टरला ७ ने विचाराल तर जुन्या लिंका पण "नाही" म्हणून येतील. उलटं केलं, ७ ने भरून त्यातल्या पहिल्या ४ नेच विचारलं, तर एकही सुटणार नाही पण चुका वाढतात, कारण अ‍ॅरे तर ७ च्या हिशोबाने भरलेली आहे. मूळ यादीवरून परत बांधणे हाच उपाय, आणि ती यादी मी ठेवली नव्हती (फिल्टर लावला तोच यादी ठेवायला लागू नये म्हणून!). सगळं परत क्रॉल केलं.

आता माझ्याकडे आयटममागे १६ बिट आणि हॅश ४. पुस्तक इथे ११ सांगेल. त्याने चूक हजारात अर्धी येते आणि माझी हजारात अडीच, पण दुप्पट भरला तर त्यांची शंभरात ४ आणि माझी शंभरात २.४. वर रात्री एकदा हे चालतं:

```python
ones = sum(bin(b).count("1") for b in bits)
p = (ones / m) ** k
```

`ones / m` ०.४ च्या वर गेलं की मला मेसेज येतो. आत्तापर्यंत एकदाच आलाय. बघितलं तर दुसऱ्याच एका साईटने लिंकेत तारीख आणि वेळ घालायला सुरुवात केली होती.