‘दावे सुरक्षित करून देतो’ म्हणणाऱ्याने माझे 34,677 रुपये बुडवले

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते आहे. पुरवठादार मालाबरोबर वर्णन पाठवतो, ते आपण जसंच्या तसं चिकटवलं तर लिस्टिंग उडण्याची भीती असते, म्हणून कुणाकडून तरी पुन्हा लिहून घ्यावं लागतं. हे सगळ्यांना माहीत आहे. मीही ऑनलाइन काम घेणाऱ्या एका लेखकाला हे काम दिलं. 40 वर्णनं, प्रत्येकी 350 रुपये, एकूण 14,000. निम्मे आगाऊ, निम्मे काम आल्यावर. जाहिरातीत त्याने स्पष्ट लिहिलं होतं की आरोग्याच्या वस्तूंवरचे सगळे दावे तपासून, नियमात बसतील असे करून देतो. मी पैसे मोजले ते या एका वाक्यासाठी. नुसते शब्द फिरवायचे असते तर माझे मीच फिरवले असते.

नमुना मी मागितला होता. त्याने स्टीलच्या बाटलीचं वर्णन लिहून पाठवलं. सुटसुटीत, नेमकं, एकही चूक नाही. मला आवडलं. पण बाटलीच्या वर्णनात मुळात तपासण्यासारखा दावा असतो कुठे? किती पाणी मावतं आणि झाकण कसं आहे, संपलं. आता चरफडायला होतं ते यावरूनच. नमुना कशाचा द्यायचा हे त्याने ठरवलं.

आता खरा माल बघा. सांध्यांना चोळायचं तेल. पुरवठादाराचं मूळ वाक्य: ‘संधिवात मुळापासून बरा करते. 7 दिवसांत गुडघेदुखीपासून 100% मुक्ती. क्लिनिकली सिद्ध.’ याने ‘तपासून’ दिलेलं: ‘जुनाट सांधेदुखीला कायमचा निरोप द्या. आठवडाभरात संपूर्ण आरामाची हमी. वैद्यकीय चाचण्यांत सिद्ध.’ दोन्ही शेजारी ठेवून वाचा. शब्द बदलले, दावा केसभरही हललेला नाही. उलट मुळात नसलेली ‘हमी’ याने वरून घातली. ‘हजारो ग्राहकांचा विश्वास’ हेही टाकलं, तेव्हा त्या तेलाची माझ्याकडे एकही बाटली विकली गेलेली नव्हती. आणि मूळ वर्णनात शेवटी एक कामाची ओळ होती, ‘जखमेवर व डोळ्यांजवळ लावू नये’. ती याने काढून टाकली. विचारलं तर म्हणे, नकारात्मक वाक्याने विक्री घटते.

सोबत एक तक्ता होता. एका रकान्यात दावा, दुसऱ्यात पुरावा, तिसऱ्यात ‘तपासले: होय’. पुराव्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर: ‘उत्पादकाच्या माहितीनुसार’. तिथे मला थांबायला हवं होतं. ज्याचा दावा, त्याचीच साक्ष, याला कुणी तपासणी म्हणत नाही. पण त्याच फाइलसोबत त्याने मजकूर शंभर टक्के नवा असल्याचा अहवाल जोडला होता. हिरवी खूण, मोठा आकडा, सगळं व्यावसायिक. तो अहवाल फक्त एवढंच सांगतो की ही वाक्यं दुसरीकडे सापडली नाहीत. वाक्य खरं आहे की नाही, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. पैसे देऊन तज्ज्ञ नेमला असताना मी पुन्हा ओळ न् ओळ तपासायची, तर त्याला पैसे कशाचे दिले? मी ‘काम स्वीकारलं’वर टिचकी मारली आणि उरलेले 7,000 दिले.

तेलाची विक्री झाली. मग तक्रारी आल्या, आणि मी जिथे माल विकते त्या ऑनलाइन बाजारपेठेने पाठोपाठ तेलाचं लिस्टिंग काढून टाकलं. कारण दिलं: रोग बरा करण्याचा दावा. रोगाचं नाव घेऊन बरं करण्याची जाहिरात बहुतेक ठिकाणी कायद्यानेच अडवलेली असते. हे त्याला माहीत नसेल तर तो तपासत काय होता? वर्णनात ‘हमी’ हा शब्द होता, त्यामुळे पैसे परत मागणाऱ्यांना नाही म्हणायला मला जागाच उरली नाही. 23 ऑर्डरी, प्रत्येकी 899, म्हणजे 20,677 रुपये परत केले.

त्याला जाब विचारला तर म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही मंजूर केलंय.’ मग नंबर ब्लॉक.

ज्या साइटवरून त्याला काम दिलं त्यांचं उत्तर: काम स्वीकारल्यावर वादाची मुदत संपते. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, व्यवहार अनधिकृत नाही. सायबर कक्षात साहेबांनी विचारलं, ‘फाइल मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?’ मी तो तक्ता समोर धरला, ‘तपासले: होय’ दाखवलं, काहीच तपासलेलं नाही हे ओळीओळीने समजावलं. त्यांनी तक्ता बघितलासुद्धा नाही. खोटी तपासणी विकणं म्हणजे फसवणूक नाही, असं कोणत्या पुस्तकात लिहिलंय? बाजारपेठेचा मदत कक्ष तर आणखी वर. कोणता शब्द खटकला एवढं एकच विचारलं, तर धोरणाची तीच लिंक पुन:पुन्हा. इतरांच्या दुकानात तेच तेल ‘मुळापासून बरा’ म्हणत राजरोस विकलं जातंय, तिकडे कुणाचं लक्ष नाही.

आता वर्णनं मी स्वतः लिहिते. वाक्यात रोगाचं नाव, आकडा आणि क्रियापद या तिन्हींखाली रेघ मारते. ‘बरा करते’चं ‘मदत करते’ केलं की सुटलो, असं समजू नका. रोगाचं नाव तिथेच असेल तर वाचणारा तोच अर्थ घेतो. ‘पारंपरिक वैद्यकात असे मानतात’ लिहूनही दावा तुमच्याच दुकानात राहतो. ‘98% लोकांना फायदा’ दिसलं की विचारा: किती लोक, किती दिवसांनी मोजलं, कशाशी तुलना केली? उत्तर नसेल तर आकडा काढा. पुरवठादार एखाद्या घटकावरचा अभ्यास पाठवतो, तो अनेकदा पोटात घ्यायच्या अर्काचा असतो. त्यावरून चोळायच्या तेलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चाचणी याच तयार वस्तूची हवी.

हमी द्यायची तर पैसे परत करण्याची द्या, किती दिवसांत आणि परतीचा खर्च कुणाचा ते लिहून. गुण येण्याची देऊ नका.

त्या तेलाचं आताचं वर्णन असं आहे: ‘मालिशचं तेल. तिळाचं तेल, मेंथॉल आणि कापूर. लावल्यावर त्वचेला थंडावा जाणवतो. फक्त बाहेरून लावण्यासाठी. जखमेवर व डोळ्यांजवळ लावू नये.’ यातलं प्रत्येक वाक्य बाटली हातात घेऊन पडताळता येतं. विक्री कमी आहे, हे खरं. आणि हो, फोटोही बघा. मजकूर सुधारून टाकल्यावरही माझं लिस्टिंग पुन्हा अडकलं, कारण पुरवठादाराच्या फोटोतल्या लेबलावर ‘7 दिवसांत मुक्ती’ छापलेलं होतं.

कुणाला हे काम द्यायचंच असेल तर नमुन्याला तुमच्याकडचं सगळ्यात वाईट वर्णन द्या, त्याला निवडू देऊ नका. परत आलेल्या मजकुरात त्याने काय काढलं आणि का काढलं, ते लेखी मागा. काहीच काढलेलं नसेल तर पैसे देऊ नका. काम स्वीकारल्याचं बटण त्यानंतरच दाबा. तो माणूस अजून त्याच वाक्याने गिऱ्हाईक मिळवतो आहे, आणि नमुना म्हणून बाटलीचंच वर्णन पाठवतो.