"शून्य घर्षण" स्पूल होल्डर: जाहिरात, गुंता आणि फसवणूक

थ्रीडी प्रिंटरवर फिलामेंट, म्हणजे स्पूलवर गुंडाळलेली प्लास्टिकची तार, वारंवार अडकत असेल, तर ऑनलाइन शोधताना एक जोडविक्री समोर येते. बेअरिंगवर फिरणारा "शून्य घर्षण" स्पूल होल्डर आणि सोबत स्वस्तातले, एक-एक किलोचे म्हणून दिलेले दोन स्पूल. जाहिरातीतल्या व्हिडिओत विक्रेता स्पूलला टिचकी मारतो आणि तो मिनिटभर फिरत राहतो. ही जोडी घेतलेल्या एका ग्राहकाचं काय झालं ते इथे क्रमाने दिलं आहे. यातली फसवणूक पैसे देण्याआधीच ओळखता येते.

होल्डर बसवल्यावर पहिली मोठी प्रिंट काही तास नीट चालली. मग रेषा विरळ होत गेल्या, फिलामेंट पुढे ढकलणारा एक्सट्रूडर टकटक करू लागला आणि शेवटी वितळलेलं प्लास्टिक सोडणारं नोझल नुसतंच हवेत फिरत राहिलं. विक्रेत्याने आधी नोझल तुंबल्याचं सांगितलं. नोझल बदलूनही तेच झालं. मग त्याने मूळ एक्सट्रूडर कमजोर ठरवून स्वतःकडचा दोन गिअरचा एक्सट्रूडर विकला. त्याची पकड चांगली होती, त्यामुळे फिलामेंट निसटायचं थांबलं. पण स्पूल अडकला की आता नोझल वाहून नेणारं प्रिंटहेडच मागे खेचलं जाऊ लागलं आणि थर सरकू लागले. तिसऱ्या तक्रारीवर उत्तर आलं, "टोक तुम्हीच सुटं सोडलं असणार, गुंता तुमच्या हातून झालाय." टोक सुटलं की गुंता होतो हे खरंच आहे, म्हणून बरेच ग्राहक इथे गप्प बसतात.

वास्तविक पहिल्याच तक्रारीच्या वेळी दोन मिनिटांची एक चाचणी पुरली असती. रेषा विरळ होऊ लागल्या की प्रिंट थांबवायची, एक्सट्रूडरच्या आधी मीटर-दीड मीटर अंतरावर फिलामेंट कापायचं आणि ते सुटं टोक मोकळं लोंबत ठेवून प्रिंट पुढे चालू करायची. (स्पूलकडचं टोक लगेच कडेच्या छिद्रात अडकवून ठेवा.) रेषा पुन्हा भरीव झाल्या तर नोझल आणि एक्सट्रूडर निर्दोष आहेत, अडथळा स्पूल किंवा मार्गात आहे. तरीही विरळच राहिल्या तर नोझल तपासणं योग्य. मात्र सुट्या टोकावर प्रिंट पुढे चालू करण्याआधी एक्सट्रूडरच्या गिअरमध्ये साचलेला फिलामेंटचा भुगा ब्रशने काढा, नाहीतर गिअर घसरतच राहील आणि चाचणीचा निकाल चुकेल. वरच्या ग्राहकाकडे सुट्या टोकावर प्रिंट उत्तम चालली. म्हणजे नोझल आणि नवा एक्सट्रूडर, दोन्ही विनाकारण घ्यायला लावले होते.

आता त्या व्हिडिओकडे वळू. १.७५ मिमी फिलामेंटच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २.४ चौरस मिमी असतं. प्रिंटर सेकंदाला १० घन मिमी प्लास्टिक ओतत असेल, तर फिलामेंट सेकंदाला जेमतेम ४ मिमी पुढे सरकतं. भरलेल्या स्पूलच्या बाहेरच्या वेढ्याची लांबी ६०० मिमीच्या आसपास असते. म्हणजे स्पूलची एक फेरी पूर्ण व्हायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. इतक्या मंद फिरणाऱ्या वस्तूला टिचकीसरशी गरगर फिरण्याचा काहीही उपयोग नाही. शिवाय बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढलं की ते हलक्या स्पूलखाली बराच वेळ फिरतं. व्हिडिओपुरतं ते छान दिसतं, पण कोरडं बेअरिंग पुढे गंजतं आणि खरखरतं.

मग साध्या दांड्यावर टांगलेल्या स्पूलचं घर्षण किती असतं? स्पूलसकट वजन १.२ किलो, मधल्या भोकाची त्रिज्या २६ मिमी, बाहेरच्या वेढ्याची त्रिज्या ९५ मिमी आणि प्लास्टिकवर प्लास्टिक घासण्याचा गुणांक ०.३ धरू. १२०० गुणिले ०.३ गुणिले २६ भागिले ९५, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजन टांगल्याइतकी खेच लागते. स्पूल संपत आला की वेढ्याची त्रिज्या कमी होते, पण वजन त्याहून झपाट्याने घटतं, त्यामुळे खेच निम्म्यावर येते. ठीकठाक एक्सट्रूडर काही किलोंची खेच सहज पेलतो. म्हणजे जे १०० ग्रॅम घालवण्यासाठी हा होल्डर विकला गेला, ते मुळात अडचणीचं कारणच नव्हतं.

खरी अडचण पुढच्या मार्गात असते. फिलामेंट पीटीएफई या निसरड्या प्लास्टिकच्या ट्यूबच्या वळणांतून जाताना घर्षण बेरजेने नाही, तर गुणाकाराने वाढतं. सगळी वळणं मिळून एक पूर्ण फेरा, म्हणजे ३६० अंश, होत असतील आणि ट्यूबचा घर्षण गुणांक ०.१५ धरला, तर स्पूलकडची १०० ग्रॅमची खेच एक्सट्रूडरपाशी अडीचशेच्या आसपास पोचते. दोन फेरे झाले तर साडेसहाशे. त्यात फिलामेंटचा ताठरपणा आणि ट्यूबमध्ये साचलेली धूळ यांची भर पडते ती वेगळीच. त्यामुळे होल्डरवर खर्च करण्याआधी स्पूल अशा जागी आणा की मार्गात वळणं कमी आणि मोठ्या त्रिज्येची होतील. स्पूल ते एक्सट्रूडर या भागात २ मिमी भोकाची ट्यूब वापरू नका, २.५ किंवा ३ मिमीची घ्या. बॅग तोलायचा छोटा हुक-काटा फिलामेंटच्या टोकाला बांधून सावकाश ओढलं की खेच थेट वाचता येते. आधी फक्त स्पूल आणि मग पूर्ण मार्ग असं दोनदा मोजलं की दोष कुठे आहे ते आकड्यावरून कळतं.

घर्षण अगदीच नाहीसं केलं तर उलटा त्रास होतो, आणि हे जाहिरात कधीच सांगत नाही. एक्सट्रूडर हेडवरच असेल आणि फिलामेंट स्पूलवरून सरळ हेडकडे जात असेल, तर हेड एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात झपकन गेलं की स्पूलला हिसका बसतो. पूर्ण मोकळा स्पूल हेड थांबल्यावरही फिरत राहतो. हेड परतताना ताठ फिलामेंट त्याला मागेही ढकलतं. वेढे सैल होतात, एखादा स्पूलच्या कडेवरून बाहेर पडून दांड्याभोवती अडकतो, किंवा सैल वेढा खालच्या वेढ्यांमध्ये रुततो आणि पुढची खेच आली की तिथेच आवळला जातो. म्हणजे गुंता टाळायला घेतलेला होल्डरच गुंता तयार करतो.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र केलेले बरे. ट्यूबचं एक टोक स्पूलजवळच्या स्थिर चौकटीला आणि दुसरं एक्सट्रूडरच्या तोंडाला पक्कं बसवा. सायकलच्या ब्रेकची तार जशी आवरणातून जाते तसंच हे काम करतं. हेड कुठेही गेलं तरी ट्यूबची लांबी तीच राहते, म्हणून हेडच्या धावपळीचा हिसका स्पूलपर्यंत जवळजवळ पोचत नाही. ट्यूबचं एक जरी टोक सुटं राहिलं तरी हा फायदा जातो. दुसरा उपाय म्हणजे हलका ब्रेक. बेअरिंगचा होल्डर आधीच घेतला असेल तर फेकू नका, स्पूलच्या कडेला हलकेच टेकेल अशी नमद्याची पट्टी लावा. मग हाताने वीतभर फिलामेंट झटक्यात ओढून थांबा. स्पूल हातासोबत थांबला आणि वेढे स्पूलला चिकटून राहिले तर ब्रेक पुरेसा आहे. वेढे फुगून वर आले तर पट्टी थोडी घट्ट करा.

पण त्या ग्राहकाकडे हे सगळं केल्यावरही अडकणं पूर्ण थांबलं नाही, कारण फसवणुकीचा दुसरा भाग स्पूलमध्येच होता. कारखान्यात फिलामेंट डावीकडून उजवीकडे सरकणाऱ्या मार्गदर्शकातून ताणाखाली, वेढ्याला वेढा लावून गुंडाळलं जातं. मिळालेल्या स्पूलवर मधे फुगवटा होता, कडेला खाच पडली होती आणि वेढे एकमेकांवरून तिरपे गेले होते. एवढ्यावरून कळतं की हे कुणीतरी मार्गदर्शकाशिवाय पुन्हा गुंडाळलं आहे. अशा गुंडाळीत गाठ नसली तरी वरचा वेढा खालच्या फटीत घुसून बसतो. अधेमधे दोन तुकडे वितळवून जोडलेलेही सापडले. जोडावरचा फुगवटा कॅलिपरने मोजला तर १.७५ च्या जागी २ मिमीच्या वर होता, म्हणजे २ मिमीच्या ट्यूबमध्ये तो अडकणारच. वजनातही खोट होती. "एक किलो" हे रिकाम्या स्पूलसकटचं वजन होतं. रिकामा स्पूल २१० ग्रॅमचा, म्हणजे आतलं पीएलए प्लास्टिक ७९० ग्रॅम. पूर्ण किलोला सुमारे ३३५ मीटर मिळायला हवं होतं, तिथे २६५ मीटर मिळालं.

तसा स्पूल वापरायचाच असेल तर तो दुसऱ्या रिकाम्या स्पूलवर हलका ताण ठेवून गुंडाळून घ्या आणि बोटाने फिलामेंट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश सरकवत राहा. आधीच्या स्पूलच्या वरून निघालेलं फिलामेंट नव्या स्पूलच्याही वरूनच जाऊ द्या. ते खालून घातलं तर जुना बाक उलटा पडतो आणि वेढे उसळून सुटतात. रुतलेले वेढे या कामात आपोआप मोकळे होतात. मात्र टोक एखाद्या वेढ्याखालून गेलेलं असेल तर नुसत्या गुंडाळण्याने ते सुटत नाही. फिलामेंट ओढू नका, आवळणाऱ्या वेढ्याला सैल करून टोक त्याखालून परत काढा. जोड लागला की तो कापून टाका.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला निव्वळ वजन लेखी विचारा आणि कारखान्याचं सील असलेल्या पिशवीचा फोटो मागा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, टोक सोडण्याआधी स्पूल काट्यावर ठेवून आकडा दिसू द्या आणि दोन्ही बाजूंनी वेढ्यांचे फोटो काढा. टोक तुम्हीच सुटं सोडलं, हा दावा या फोटोंपुढे टिकत नाही. वजन किंवा गुंडाळी चुकीची दिसली तर फिलामेंट प्रिंटरमध्ये घालू नका. एकदा वापरलेला स्पूल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकतो, म्हणून परतीची मागणी त्याच दिवशी, फोटो जोडून, लेखी करा.