नऊशे तासांचं कोटेशन की बारा लाखांची बचत?

भोसरीतला एक कारखाना मोटारींचे सुटे भाग बनवतो. ट्रकमध्ये चुकीच्या लेबलची पेटी चढली की पुढची कंपनी डेबिट नोट पाठवते आणि तेवढे पैसे बिलातून कापले जातात. मालकांना यावर सॉफ्टवेअर हवं होतं आणि आम्हाला कोटेशन द्यायचं होतं. खर्चावर नफा लावून दर काढायचा, की त्यांच्या फायद्यावरून? आम्ही दोन्ही हिशेब केले.

आधी खर्चाचा. एका डेव्हलपरवर पगार, पीएफ, लॅपटॉप, जागाभाडं आणि माझ्या देखरेखीचा वाटा धरून महिन्याला ८८,००० रुपये जातात. महिन्याचे कामाचे तास १७६. त्यांनी भागलं की तासाचा खर्च ५०० येतो, आणि छोट्या कंपन्या नेमक्या इथेच बुडतात. सुट्ट्या, मीटिंगा, दोन कामांमधला रिकामा काळ आणि जुन्या गिऱ्हाइकांचे फोन वजा जाता बिलात लावता येतील असे तास आमच्याकडे ११०च उरतात. म्हणजे तासाचा खरा खर्च ८०० रुपये. मालकांच्या यादीत लोडिंगची तपासणी, पुरवठादारांचं पोर्टल, मोबाईल अ‍ॅप आणि डॅशबोर्ड होता. सगळ्याचा अंदाज ९०० तास, खर्च ७.२० लाख. त्यावर तीस टक्के चढवले की कोटेशन ९.३६ लाख, जीएसटी वेगळा. हे तीस टक्के खर्चावरचे आहेत. मिळणाऱ्या रकमेच्या हिशेबात नफा तेवीस टक्केच पडतो, आणि अंदाज दोनशे तासांनी चुकला तर त्यातले १.६० लाख गेलेच.

फायद्याच्या हिशेबासाठी अकाउंट्समध्ये बसून वर्षभराच्या डेबिट नोटांची फाईल चाळली. एकूण २४ लाख. त्यातले ८ लाख मालाच्या दर्जामुळे कापलेले, तिथे सॉफ्टवेअर काहीच करू शकत नाही. उरलेले १६ लाख लेबल आणि नगांच्या चुकांचे. डिस्पॅचच्या सुपरवायझरला विचारलं, यातलं किती थांबेल? तो म्हणाला, "पेटी स्कॅन केल्याशिवाय ट्रक सुटणार नसेल, तर बारा आणे थांबेल." म्हणजे वर्षाला १२ लाख. हा आकडा कारखान्याच्याच माणसाच्या तोंडून यावा लागतो. आपण सांगितलेल्या बचतीवर मालक विश्वास ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पैसे सहा महिन्यांत वसूल झाले पाहिजेत, असं मालकांचं म्हणणं. म्हणजे त्यांना परवडणारी किंमत ६ लाख.

६ लाख आमच्या खर्चापेक्षाही कमी होते! फायद्यावरून काढलेला दर नेहमी चढाच असतो, असा समज आहे. तो खरा नाही. ती यादी त्या कारखान्याच्या कामाची नव्हती, हे या हिशेबाने दाखवलं. बचत येत होती फक्त लोडिंगच्या स्कॅनिंगमधून, आणि तेवढं काम ४०० तासांचं, खर्च ३.२० लाख. तेवढंच आम्ही ६ लाखांना दिलं. नऊशे तास राबून २.१६ लाख सुटले असते, ते चारशे तासांत २.८० लाख सुटले. मालकांचेही ३.३६ लाख वाचले. नुसता तासांचा हिशेब केला असता तर ती यादी तशीच घेतली असती, कारण त्या पद्धतीत काम वाढलं की आपलाही नफा वाढतो.

तरी प्रत्येक कामाला मी हे लावणार नाही. जुन्या ईआरपीला जोडणी करायची असेल आणि आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसेल, तर तासावरच काम घ्यावं. तिथे ठरावीक किंमत सांगणं म्हणजे त्यांची जोखीम आपल्या डोक्यावर घेणं. ज्या टेंडरमध्ये सर्वांत कमी दराला काम मिळतं, तिथेही फायद्याची भाषा कुणी ऐकत नाही. पहिल्याच भेटीत तुम्हाला परचेसकडे धाडलं आणि 'मॅन-डेचा रेट द्या' म्हणाले, तर नुकसानीची फाईल उघडणार नाही हे समजून चालावं.

आणि आकडे दाखवले तरी पैसे बचतीला बांधू नयेत. रात्रपाळीने स्कॅनर बाजूला ठेवून ट्रक सोडले तर बचत होणार नाही, आणि त्यावर आपला काही ताबा नसतो. आमच्या करारात किंमत ठरलेली होती: चाळीस टक्के आगाऊ, चाळीस टक्के पहिली पाळी स्कॅनिंगवर चालली की, वीस टक्के महिन्याभराने. आधीच्या वर्षाचे १६ लाख जोडपत्रात दोघांच्या सहीने लिहिले, म्हणजे पुढे आकड्यावरून वाद नको. यादीबाहेरच्या प्रत्येक बदलाला तासाचा दर लावला. हे कलम राहून गेलं, तर ४०० तासांचे ७०० कधी झाले ते कळत नाही, आणि ६ लाखांत ते ५.६० लाखांचा खर्च होऊन बसतात.