खो-खोच्या तासाला आधी व्हिडिओ पाठवावा की मैदानावरच समजावून सांगावं?

आठवीची तुकडी ४८ जणांची. शारीरिक शिक्षणाचा तास ३५ मिनिटांचा, आठवड्यातून दोनदा. शिक्षक एकच. सांगली जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांचं गणित थोड्याफार फरकाने असंच असतं. त्यात खो-खोचे नियम शिकवायचे म्हटलं की दहा मिनिटं मुलं उन्हात मांडी घालून ऐकत बसतात. म्हणून 'नियम आणि कृती आधी छोट्या व्हिडिओतून दाखवायची, तासाला फक्त खेळायचं' ही पद्धत अनेकांना हवीशी वाटते. २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधले जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक अशा पद्धतीने शिकवू लागले आणि पुढे ती उलटा वर्ग म्हणून सगळीकडे पसरली. पण रसायनशास्त्राच्या वर्गात वाचलेली दहा मिनिटं आपोआप प्रत्येक मुलाच्या पदरात पडतात. मैदानावर तसं होत नाही. निर्णय घेण्याआधी हाच फरक नीट पाहायला हवा.

आधी मिनिटांचा हिशेब

नेहमीच्या पद्धतीत ३५ मिनिटं साधारण अशी जातात: वर्गातून मैदानावर यायला ४, हजेरीला २, शरीर गरम करायला ५, समजावणं आणि प्रात्यक्षिक १०, खेळ ११, आवरायला ३. व्हिडिओ आधी पाहिलेला असेल तर समजावण्याची १० मिनिटं ३ वर येतात, कारण तेवढ्यात फक्त प्रश्न विचारून चुका दुरुस्त करायच्या असतात. खेळाला १८ मिनिटं मिळतात. बाजू बदलण्यात जाणारा वेळ वजा केला तर खरा खेळ पहिल्या पद्धतीत १० मिनिटं आणि दुसऱ्या पद्धतीत १६ मिनिटं होतो.

आता त्या मिनिटांत पळतं कोण ते पाहू. पूर्ण मैदानावर एक जण पाठलाग करतो, तीन जण पळतात, आठ जण पाटीवर बसलेले असतात. म्हणजे ४८ पैकी एका वेळी चारच मुलं धावत असतात आणि ३६ जण रेषेबाहेर असतात. त्याऐवजी सहा छोटी मैदानं आखली आणि प्रत्येकात आठ मुलं घेतली (चार बसलेली, एक पाठलागाला, दोन पळणारी, एक पंच), तर एका वेळी १८ जण पळतात.

| पद्धत | एका मुलाच्या वाट्याला सरासरी धावणं |
|---|---|
| मैदानावर समजावणं, एक मैदान | ५० सेकंद |
| आधी व्हिडिओ, एक मैदान | ८० सेकंद |
| मैदानावर समजावणं, सहा छोटी मैदानं | पावणेचार मिनिटं |
| आधी व्हिडिओ, सहा छोटी मैदानं | ६ मिनिटं |

हा हिशेब नीट पाहिला की लक्षात येतं, नुसत्या व्हिडिओने फार फरक पडत नाही. मैदानं वाढवली की पडतो. जो शिक्षक व्हिडिओ बनवण्यात चार संध्याकाळी घालवतो आणि मैदान मात्र एकच ठेवतो, त्याच्या मुलांना अर्ध्या मिनिटाचा फायदा होतो.

मग व्हिडिओ हवाच कशाला? कारण नियम ठाऊक नसलेल्या मुलांना सहा मैदानांवर सोडलं तर सहाही ठिकाणी एकच चूक एकाच वेळी होते आणि शिक्षक शिट्टी वाजवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत राहतो. तक्त्यातली पावणेचार मिनिटं म्हणूनच कागदावरच राहतात. प्रत्येक मैदानावरच्या पंच मुलाला फाऊल ओळखता आला तरच सहा मैदानं चालतात. व्हिडिओचं खरं काम तेच आहे. तो पळायला शिकवत नाही, पंच तयार करतो.

व्हिडिओत काय असावं

दोन मिनिटं, तीन चुका, बस. शाळेच्या पातळीवर खो-खोत सर्वांत जास्त होणारे फाऊल मोजकेच असतात: खो मिळायच्या आधीच उठणं, पाठीला हात न लावता नुसतं 'खो' ओरडणं, आणि एकदा दिशा घेतल्यावर माघारी वळणं. बाकीचे नियम पुढच्या आठवड्यात.

यातली तिसरी चूक सांगून कळत नाही, ती दाखवावीच लागते. बसलेला मुलगा उठला आणि खांद्याची रेषा उजवीकडच्या खुंटाकडे वळली की त्याची दिशा ठरली. आता पळणारा डावीकडे निसटला तरी उठलेल्या मुलाला मागे फिरता येत नाही. खुंट ओलांडून पलीकडून यावं लागतं, नाहीतर पुढच्या गड्याला खो द्यावा लागतो. मैदानावर हे दाखवताना ४८ पैकी पुढच्या रांगेतल्या दहा जणांनाच तो पाय आणि तो खांदा दिसतो. व्हिडिओत मात्र पाटीच्या टोकाशी, गुडघ्याच्या उंचीवर मोबाईल ठेवून मंद गतीने घेतलेला एक शॉट पुरतो. पाय पडतो तिथे चित्र थांबवायचं, दोन सेकंद तसंच ठेवायचं, मग पुढे न्यायचं. तीच कृती एकदा बरोबर आणि एकदा चुकीची दाखवायची, आणि चुकीच्या वेळी पडद्यावर लाल फुली हवी. नाहीतर काही मुलं चुकीचीच नक्कल करतात.

चित्रण सकाळी करावं आणि सूर्य मोबाईलच्या पाठीमागे असावा. मैदानावर वाऱ्याने आवाज फाटतो, म्हणून चित्रण आधी करून बोलणं नंतर बंद खोलीत भरावं. मोबाईल आडवा धरावा. ४८०पी दर्जात दोन मिनिटांचा व्हिडिओ १० ते १५ एमबीत बसतो आणि व्हॉट्सॲपवर अडकत नाही. आपल्याच शाळेची मुलं दाखवायची असतील तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि व्हिडिओ गटाबाहेर जाऊ देऊ नये.

शेवटी एक प्रश्न असा हवा की व्हिडिओ पाहिल्याशिवाय उत्तर देताच येणार नाही. उदाहरणार्थ: 'दुसऱ्या वेळी उठलेल्या मुलीचा आधी कोणता पाय पडला?' हजेरीच्या वेळी मुलं चिठ्ठीवर 'उजवा' किंवा 'डावा' लिहून देतात. 'पाहिला का रे?' असं विचारलं की सगळा वर्ग 'हो सर' म्हणतो, त्यातून काहीच कळत नाही.

आणि खुंटावर सूर मारणं व्हिडिओत मुळीच घालू नये. घरी फरशीवर कुणीतरी करून पाहतंच, आणि मनगट किंवा हनुवटी फुटते. सूर फक्त शिक्षकासमोर, भुसभुशीत मातीवर.

घरी दाखवायचा की शाळेत?

खरा निर्णय इथेच आहे. तासगावकडे द्राक्षबागेतली माणसं दिवसभर मोबाईल घेऊन बागेत असतात, मुलाच्या हातात तो रात्री येतो आणि तोवर चार्जिंग संपलेलं असतं. जतकडे ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं आजी-आजोबांकडे असतात, घरात असलाच तर बटणांचा फोन असतो. एकाच घरात भावाला मोबाईल मिळतो आणि बहिणीला नाही, हेही घडतं. अशा ठिकाणी व्हिडिओ घरी पाठवला की ज्यांनी पाहिला ते सहाही मैदानांवर पुढारी होतात आणि बाकीचे त्यांच्यामागे बावचळून फिरतात. पाहणारे बहुधा आधीच खेळात पुढे असलेलेच असतात.

याला सोपा पर्याय म्हणजे व्हिडिओ शाळेतच, पण मैदानाच्या तासाबाहेर दाखवणं. आदल्या दिवशी शाळा सुटण्याआधीची पाच मिनिटं वर्गशिक्षकांकडून मागून घ्यायची आणि वर्गातल्या टीव्हीवर तो दोनदा लावायचा. टीव्ही नसेल तर परिपाठानंतर एक मोबाईल आणि आठ-आठ जणांचे सहा गट, हेच गट पुढे सहा मैदानांवर जातात. घरी पाहण्याइतका निवांतपणा यात नाही, मागे घेऊन पुन्हा पाहता येत नाही, पण ४८ पैकी ४८ जण पाहतात. जिथे पाच-सहा मुलांकडे जरी फोन नसेल तिथे हाच मार्ग घ्यावा. शहरात, मिरज-सांगलीतल्या ज्या वर्गात चिठ्ठ्यांवरून दिसतं की जवळपास सगळे घरीच पाहून येतात, तिथे घरी पाठवणं सरस, कारण वर्गशिक्षकांची पाच मिनिटं रोज मागता येत नाहीत.

पाहणं आणि खेळणं यात एका रात्रीपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. शिराळ्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तास पावसाने रद्द होतो आणि आठ दिवसांनी मैदान वाळतं. वाळवा-पलूसच्या काळ्या मातीत तर पाऊस थांबल्यावरही दोन दिवस पाय रुततात. अशा वेळी जुना व्हिडिओ खेळाच्या आदल्या दिवशी पुन्हा लावायचा.

सहा मैदानांचा तास कसा चालतो

प्रत्येक छोटं मैदान १३ मीटर लांब, ८ मीटर रुंद. खुंटांऐवजी दोन कोन, त्यांच्यात १० मीटर अंतर, मधे दोन-दोन मीटरवर चार चौकोन. दोन ओळींत तीन-तीन मैदानं आखली आणि मधे दोन मीटर मोकळे ठेवले की साधारण ४५ बाय २० मीटर जागा लागते. सुतळी आधी मापून गाठी मारून ठेवली तर फक्कीने आखायला मधल्या सुट्टीत चौघं पुरतात. ही आखणी तासाच्या आत करायला गेलात तर व्हिडिओने वाचवलेली सगळी मिनिटं तिथेच जातात.

डाव दोन मिनिटांचा. आठ डाव, आठ मुलं, त्यामुळे प्रत्येकाला पळण्याची पाळी दोनदा येते आणि पंचाची एकदा. बाद झालेल्याने बसायचं नाही. कोनाला हात लावून पुन्हा आत यायचं, पंचाने बाद मोजायचे. चिठ्ठीवर चुकीचं उत्तर दिलेल्यांना पहिल्या डावात पंच करू नये, आणि त्यांच्यासाठी सगळ्या वर्गाला पुन्हा समजावूही नये. तसं एकदा केलं की पुढच्या वेळी कुणीच पाहून येत नाही. त्यांच्याच मैदानावरच्या मुलाने एका मिनिटात सांगावं.

दोन डावांनंतर शिक्षकाने बाजूला उभं राहून पाहावं. पंच मुलांचे हात फाऊलला वर जात असतील तर व्हिडिओने काम केलं. हात वर जात नसतील आणि मुलं खो न मिळताच उठत असतील, तर व्हिडिओ लांबला असेल किंवा त्यात गर्दी झाली असेल. मुलं नियम बरोबर पाळतात पण पळणारा हाती लागत नाही, असं दिसलं तर तो व्हिडिओचा दोष नाही. धावता धावता थांबणं, हूल देणं, वेळेवर खो देणं हे फक्त सरावानेच येतं.

कुणी काय निवडावं

पटसंख्या २५ च्या आत असेल तर व्हिडिओच्या मागे लागू नका. सगळ्यांना अर्धवर्तुळात उभं करून चार मिनिटांत दाखवता येतं आणि दोन-तीन मैदानांवर शिक्षकाची नजर पोहोचते. पट ४० च्या पुढे असेल, पण जागा एकाच मैदानापुरती असेल, तर आधी जागेचा प्रश्न सोडवा, निदान तीन छोटी मैदानं बसतात का पाहा. पट मोठा आणि जागाही आहे, तिथे व्हिडिओ शाळेतच दाखवून सहा मैदानांवर जाणं सगळ्यांत फायद्याचं. पहिल्या महिन्यात एकच व्हिडिओ बनवा आणि तोच सगळ्या तुकड्यांना वापरा.