अल्ब्युमेन, पीओपी की ब्रोमाइड? पुठ्ठ्यावरच्या जुन्या फोटोची पारख

घरच्या ट्रंकेतला तपकिरी फोटो कोणत्या पद्धतीने छापला आहे हे ठरवताना बहुतेकांची पहिली चूक रंगावरून होते. तपकिरी म्हणजे अल्ब्युमेन, काळा-पांढरा म्हणजे सिल्व्हर जिलेटिन, हा नियम अर्ध्या वेळा फसतो. जिलेटिन प्रिंटला मुद्दाम सेपिया रंग दिला जाई, आणि कलोडियन, म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या पारदर्शक थरातला मॅट प्रिंट सोनं-प्लॅटिनमने टोन केला की जवळजवळ काळा दिसतो. म्हणून रंग सर्वांत शेवटी बघायचा. आधी बघायचा कागद.

त्याआधी दोन गोष्टी चटकन उरकून घ्या. चित्रात भिंगाखाली नियमित ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्यातलं चित्र आहे, फोटो प्रिंट नव्हे. आणि चित्र पत्र्यावर असेल तर तो टिनटाइप असण्याची शक्यता मोठी. नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा, त्यावर काळं लाखेसारखं वार्निश. लहान चुंबक कागदात गुंडाळून मागून हलकेच टेकवला की ओढ जाणवते. टिनटाइपमध्ये शुभ्र पांढरं कधीच नसतं, उजेडाचे भागही राखाडी-सायीसारखे असतात. चित्र बहुधा आरशातल्यासारखं उलटं असतं, त्यामुळे पुरुषाच्या कोटाची बटणं चुकीच्या बाजूला दिसतात. ही पद्धत 1856 च्या पेटंटनंतर मुख्यतः अमेरिकेत फोफावली. आपल्याकडच्या घरांत खरा प्रश्न पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदी फोटोचाच असतो.

तिथे तीन उमेदवार आहेत. पहिला अल्ब्युमेन, म्हणजे मीठ घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद. 1850 मध्ये आलेली ही पद्धत 1890 च्या आसपासपर्यंत सर्रास चालली. दुसरा पीओपी, म्हणजे प्रिंटिंग-आउट पेपर (भिंतीवरचं प्लास्टर नव्हे). त्यात चांदीचे क्षार जिलेटिनमध्ये किंवा कलोडियनमध्ये असत. साधारण 1885 ते 1920 हा त्याचा भराचा काळ. तिसरा डेव्हलप केलेला सिल्व्हर जिलेटिन, ज्याला आपल्याकडे जुने लोक ब्रोमाइड म्हणतात. तो 1880 च्या दशकापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालला.

अल्ब्युमेनला बाकी दोघांपासून वेगळं करणारी सर्वांत भरवशाची खूण म्हणजे बॅरायटा. हा बेरियम सल्फेटचा पांढरा थर कागद आणि चित्र यांच्यामध्ये असतो. अल्ब्युमेनमध्ये तो नसतो, अंड्याचा थर थेट कागदावर बसतो. तीस पट भिंग घ्या, टॉर्च बाजूने तिरपी धरा आणि चित्रातला फिका भाग शोधा: आकाश, धोतराचा पांढरा पट्टा, गाल. पारदर्शक थराखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसले तर अल्ब्युमेन. दुधाळ, सपाट पांढरं दिसलं आणि तंतू हरवले तर खाली बॅरायटा आहे, म्हणजे पीओपी किंवा ब्रोमाइड. गडद भागात ही परीक्षा करू नका, तिथे चांदी सगळं झाकते. मॅट प्रिंटमध्येही सावध राहा: काही मॅट कागदांवर बॅरायटा पातळ असे किंवा नसेच, त्यामुळे तंतू डोकावतात. मात्र अल्ब्युमेनवर बहुधा तकाकी असते आणि थरात बारीक भेगांचं जाळंही सापडतं.

अल्ब्युमेनचा कागद पातळ असतो आणि सुटा ठेवला की नळीसारखा वळतो, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे. फिके भाग पिवळट पडतात आणि त्यांतला तपशील आधी नाहीसा होतो. मिशीचे केस दिसतात पण पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या गायब, हे अल्ब्युमेनचं नेहमीचं रूप.

बॅरायटा सापडला की पुढचा प्रश्न पीओपी की ब्रोमाइड. पीओपीवर चित्र उन्हात आपोआप उमटे. त्यातले चांदीचे कण फार सूक्ष्म असल्याने रंग तपकिरी-जांभळा येतो. ब्रोमाइडचं चित्र रसायनात डेव्हलप होतं, कण मोठे होतात आणि रंग थंड काळा दिसतो. जुन्या ब्रोमाइडच्या गडद भागांत, विशेषतः कडांना, निळसर धातूची चकाकी येते. फोटो तिरपा केला की ती आरशासारखी चमकते. तिला सिल्व्हर मिररिंग म्हणतात. दमट हवेत चांदी पृष्ठभागावर येऊन ती तयार होते, म्हणून कोकणातल्या घरांत ती ठळक असते. जिलेटिन पीओपीवरही ती येऊ शकते. अल्ब्युमेन आणि कलोडियनवर सहसा नाही. चकचकीत कलोडियनला मात्र तिरप्या उजेडात साबणाच्या फुग्यासारखी इंद्रधनुषी झाक दिसते.

पाण्याचा थेंब टाकून जिलेटिन फुगतं का हे बघण्याची युक्ती सांगितली जाते. घरच्या एकुलत्या एका फोटोवर ती करू नका, डाग कायमचा राहतो. स्पिरिटने तर कलोडियन विरघळतं.

आता पुठ्ठा. छोटं कार्त-द-व्हिझीत साधारण अडीच इंच बाय चार इंचांचं, 1860 च्या दशकापासून लोकप्रिय झालेलं. कॅबिनेट कार्ड साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं, 1866 नंतरचं. पातळ, चौकोनी कोपऱ्यांचा फिका पुठ्ठा सहसा आधीचा. जाड, गडद मरून वा बाटली-हिरवा, तिरप्या सोनेरी कडांचा नंतरचा. पण स्टुडिओ जुना साठाही वापरत, आणि फोटो पुन्हा चिकटवलाही जातो. पुठ्ठा आणि प्रिंट यांची साक्ष जुळली नाही तर प्रिंटवर विश्वास ठेवावा.

एक नमुना घेऊ. कॅबिनेट कार्ड, मरून पुठ्ठा, सोनेरी कड, पगडीवाले गृहस्थ, रंग जांभळट तपकिरी, पृष्ठभाग चकचकीत. रंगावरून कुणीही अल्ब्युमेन म्हणेल. पण उपरण्याच्या पांढऱ्या भागात तीस पट भिंगाखाली तंतू नाहीत, म्हणजे बॅरायटा आहे आणि अल्ब्युमेन बाद. रंग उबदार, मिररिंग नाही, म्हणून ब्रोमाइडची शक्यता कमी. तिरप्या उजेडात सप्तरंगी झाक, फिके भाग अजून स्वच्छ. निष्कर्ष: कलोडियन पीओपी, साधारण 1890 ते 1910. मागे छापलेला स्टुडिओचा पत्ता आणि पेठेचं नाव या वीस वर्षांतला काळ आणखी आवळतं.

याच फोटोची मोठी चौकट दिवाणखान्यात असेल, तर ती स्वतंत्रपणे तपासा. अल्ब्युमेन आणि पीओपी बहुतेक निगेटिव्हच्याच आकाराचे छापले जात. भिंतीवरचा हातभर मोठा चेहरा बहुधा नंतर केलेलं ब्रोमाइड एन्लार्जमेंट असतो, वर ब्रशाने गिरवलेलं. मूळची भेग त्यात चित्रासारखी छापली गेलेली असते: दिसते, पण तिरप्या उजेडात पृष्ठभागावर सापडत नाही. गृहस्थ 1895 चे असले तरी प्रिंट 1935 चा असू शकतो. तो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. ओलाव्याने जिलेटिन काचेला धरतं आणि ओढताना चेहराच काचेवर उरतो.