दोन पिकाचू, एक भिंग

लातूरच्या भाच्यानं बाजारातून स्वस्तात आणलेलं पिकाचूचं पोकेमॉन कार्ड आणि माझं जुनं, खात्रीचं कार्ड शेजारी ठेवलं आणि त्याचं नकली आहे का ते बघायला मोबाइलला मॅक्रो भिंग लावलं. पिवळ्या रंगात ठिपके दोन्हीकडे दिसले. त्यावरून नकली ठरत नाही, ऑफसेट छपाई अशीच असते. फरक निघाला काळ्या अक्षरांत. माझ्या कार्डावर अक्षर भरीव, कडा रेखीव, कारण तिथं काळी शाई सलग बसते. त्याच्या कार्डावर तेच अक्षर निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांनी बनलेलं, कडा विस्कटलेल्या. म्हणजे कुणीतरी अख्खं कार्ड स्कॅन करून छापलेलं. चकाकीवर माझा भरवसा नाही, ट्यूबलाइटचा कोन बदलला की तीही बदलते. झिजलेल्या कडा तर माझ्याच कार्डाला जास्त होत्या!